संकट आलं की ‘युग बदलणार’ म्हणणाऱ्या चळवळी का उभ्या राहतात, आणि त्यांची तुलना कशी करायची?

प्रश्न: «मी गोव्यात इतिहास विषयात एमए करतेय. प्रबंधिकेसाठी जगाचा अंत आणि नवं युग सांगणाऱ्या चळवळींची तुलना करायची आहे. मोठं सामाजिक संकट आलं की अशा चळवळी होतात असं सगळीकडे वाचलं. पण मग आमच्या सत्तरी तालुक्यात राणे घराण्यातल्या सरदारांनी पोर्तुगीजांविरुद्ध इतकी बंडं केली, तिथे असं काहीच का दिसत नाही? तुलनेसाठी निकष कोणते धरू?»

सत्तरीचा मुद्दा सोडू नका, तुमच्या प्रबंधिकेचा कणा तोच होऊ शकतो. या विषयावरच्या लेखनात सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे जिथे चळवळ झाली तेवढीच प्रकरणं गोळा करायची आणि प्रत्येकाच्या मागे संकट सापडलं की सिद्धान्त सिद्ध झाला म्हणायचं. संकट कुठेही शोधलं तर सापडतंच. म्हणून संकट होतं पण चळवळ झाली नाही, असं निदान एक प्रकरण हाताशी हवं.

आधी हद्द आखून घ्या. अभ्यासक ज्यांना सहस्रकवादी किंवा युगांतवादी चळवळी म्हणतात, त्यांत बदल लवकरच होणार असतो, तो संपूर्ण असतो, याच भूमीवर आणि सगळ्या समूहासाठी असतो, आणि तो मानवी ताकदीबाहेरच्या शक्तीच्या हस्तक्षेपाने घडणार असतो. देवाचं नाव घेऊन केलेलं प्रत्येक बंड यात बसत नाही. लढायला जाताना ग्रामदेवतेला कौल लावला म्हणून ते बंड युगांतवादी ठरत नाही.

निकष हवेत घासून पाहण्यापेक्षा एका प्रकरणावर घासून पाहा. माझ्या मते त्यासाठी सर्वांत चांगलं प्रकरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांनी 1856-57 मध्ये केलेली स्वतःच्याच गुरांची कत्तल. 1856 च्या एप्रिलमध्ये ग्झारा नदीच्या मुखाजवळ नोंगकाऊसे नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शेतातली पाखरं हाकायला गेली होती. तिथे अनोळखी माणसं भेटली आणि त्यांनी निरोप दिला, असं तिने घरी सांगितलं. निरोप असा की मेलेले पूर्वज उठणार आहेत, पण आता असलेली गुरं बाटलेल्या हातांनी पोसलेली आहेत, ती सगळी मारा. साठवलेलं धान्य टाका, पेरणी करू नका. नवी पेवं खणा, मोठे गोठे बांधा, म्हणजे नवी निरोगी गुरं आणि नवं धान्य आपोआप येईल. तिचा चुलता म्लाकाझा याने हा निरोप पसरवला. ग्कालेका खोसांचा राजा सारिली स्वतः येऊन गेला आणि त्याने आपली गुरं मारायला सुरुवात केली. अंदाजे चार लाख गुरं मारली गेली आणि सुमारे चाळीस हजार माणसं उपासमारीने मेली. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या खोसा प्रदेशाची लोकसंख्या 1857 च्या सुरुवातीला सुमारे 1,05,000 होती, ती 1858 च्या अखेरीला 27,000 च्या आत आली. उरलेले लोक मजुरीसाठी वसाहतीत गेले, आणि त्यांच्या जमिनींचा मोठा भाग गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाला.

इथे पहिला निकष: संकटाचं माप चळवळीबाहेरून घ्या. ‘लोक वैतागले होते’ हे चळवळीवरूनच ठरवलं तर तो गोल गोल युक्तिवाद होतो. खोसांच्या बाबतीत बाहेरचं माप मिळतं. 1853 मध्ये युरोपातून आणलेल्या बैलांबरोबर गुरांच्या फुफ्फुसाचा साथरोग केप या ब्रिटिश वसाहतीत उतरला आणि 1855 मध्ये खोसांच्या कळपांत पोहोचला. या रोगात जनावर मान पुढे ताणून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभं राहतं, तोंड उघडं ठेवून धापा टाकतं, आणि फाडल्यावर फुफ्फुस बरगड्यांना चिकटलेलं दिसतं. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, बरं झालेलं जनावरही रोग पसरवू शकतं. म्हणजे धडधाकट दिसणारं गुरूही आतून ‘बाटलेलं’ असू शकतं. भविष्यवाणीतला बाटलेपणाचा शब्द लोकांच्या गोठ्यातल्या अनुभवाला अगदी बरोबर बसला. पाथो नावाच्या नायकाचा जवळजवळ सगळा कळप या साथीने आधीच गेला होता, आणि तो भविष्यवाणीच्या कट्टर समर्थकांपैकी होता. जिथे साथ कमी होती तिथे अविश्वासही जास्त होता.

पण साथीवरच थांबलात तर फसाल. हाच रोग केपमधल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या गुरांनाही झाला, ब्रिटिशांच्या बाजूने असलेल्या म्फेंगू लोकांच्या गुरांनाही झाला. त्यांनी कत्तल केली नाही. मग फरक कशाचा? म्हणून दुसरा निकष: बाकीचे रस्ते बंद झाले होते का, आणि कोणत्या क्रमाने? खोसांनी 1850 ते 1853 हे युद्ध म्लांजेनी नावाच्या द्रष्ट्याच्या भरवशावर लढून पाहिलं होतं आणि ते हरले होते. जमीन गेली होती, नायकांचा अधिकार गोऱ्या दंडाधिकाऱ्यांच्या हातात चालला होता. शस्त्राचा रस्ता नुकताच बंद झाला होता आणि अर्जाचा रस्ता कधी उघडाच नव्हता. त्यावर साथ आली. तिसरी गोष्ट म्हणजे कल्पनेचा साठा. मेलेले उठतील हे खोसांना 1856 मध्ये पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं. 1819 मध्ये ग्रॅहमस्टाउन या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला करणाऱ्या न्क्सेले या द्रष्ट्यानेही तेच सांगितलं होतं. हा साठा नसेल तर तीच कोंडी दारूकडे, स्थलांतराकडे किंवा साध्या लुटालुटीकडे वळू शकते.

सर्वांत मोलाचा निकष मात्र फार कमी लोक वापरतात: नेमलेला दिवस चुकला की काय होतं. इथे पहिली मुदत 1856 च्या ऑगस्टमधली होती. ती गेली, कुणी उठलं नाही. खुलासा आला की लोकांनी सगळी गुरं मारली नाहीत, काहींनी तर मारण्याऐवजी विकली. आता ज्याने आधीच अर्धा कळप मारला आहे त्याच्या जागी राहून बघा. भविष्यवाणी खोटी मानली तर त्याने आपल्या घराचा घास स्वतःच मारला असं होतं. खरी मानली तर उरलेला अर्धा कळप मारून तो परत मिळण्याची आशा राहते. म्हणून मुदत चुकल्यावर कत्तल वाढली. आणि दोष शेजाऱ्याच्या जिवंत गुरांवर गेला: त्याने मारली नाहीत म्हणून माझे पूर्वज येत नाहीत. समाज सरळ दोन भागांत फुटला. विश्वास ठेवणारे ‘अमाथांबा’, म्हणजे मऊ, समूहाला वाकणारे. न ठेवणारे ‘अमागोगोत्या’, म्हणजे कडक. एकाच घरातले भाऊ वेगळ्या बाजूंना गेले. 1857 च्या फेब्रुवारीच्या मध्याला शेवटची मुदत गेली तेव्हा मारायलाही काही उरलं नव्हतं. तेव्हा प्रत्येक प्रकरणाला दोन प्रश्न विचारा: अनुयायांना जे करायला सांगितलं ते परत फिरवता येण्यासारखं होतं का, आणि मुदत चुकल्याचा दोष कोणावर टाकला गेला?

आता याच प्रश्नांनी बिरसा मुंडांची चळवळ वाचा. तिथे खुंटकट्टी, म्हणजे जंगल तोडून जमीन काढणाऱ्या कुळांची सामाईक मालकी, बाहेरच्या जमीनदार-ठेकेदारांनी मोडली होती. मुंडांच्या सरदारांनी कित्येक वर्षं अर्ज आणि खटले करून पाहिले होते. रस्ता बंद झाल्याचा इतका स्पष्ट कागदी पुरावा खोसांकडेही नाही. 1895 मध्ये बिरसांनी आकाशातून प्रलय येणार असं सांगितलं, लोक शेतं टाकून त्यांच्या चलकद गावी जमू लागले. पण ऑगस्टमध्ये सरकारने त्यांना अटक केली. अटकेमुळे भविष्यवाणी चुकली की अडवली गेली, हे ठरवणं अवघड झालं. दोन वर्षांच्या कैदेनंतर तीच चळवळ धनुष्यबाणाकडे वळली, आणि 1899 च्या डिसेंबरपासून 1900 च्या जानेवारीपर्यंत उलगुलान, म्हणजे मोठं बंड, झालं. खोसांत दोष शेजाऱ्यावर गेला, मुंडांत सरकारवर. माझ्या मते एक चळवळ आत कोसळली आणि दुसरी बाहेर फुटली, याचं बरंच स्पष्टीकरण या फरकात आहे.

आणि आता सत्तरी. योगायोगाने वर्ष तेच, 1895. मोझांबिकला पाठवण्याच्या हुकमाविरुद्ध पणजीतले मराठा सैनिक उठले, सत्तरीत नाणूसला गेले, आणि राणे त्यांना मिळाले. तक्रारी खऱ्या आणि जुन्या होत्या. पण निकष लावून बघा. अन्याय करणारा डोळ्यांसमोर होता आणि मागणी शब्दांत मांडता येत होती. मुख्य म्हणजे रस्ता बंद नव्हता: दिपाजी राण्यांनी 1852 मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन बंड सुरू केलं, तेव्हा 1855 मध्ये सरकारला तडजोडीला यावं लागलं होतं. बंड केलं की बोलणी होतात, हा सत्तरीचा अनुभव होता. घाटापलीकडे निसटायला जंगल होतं, लोक जिचा हुकूम मानत ती राण्यांची मोकासदारी, म्हणजे गावांच्या महसुलाचा वंशपरंपरागत हक्क, शाबूत होती. अशा ठिकाणी पूर्वजांनी उठून यायची गरज लोकांना कमी वाटत असावी. हा माझा निष्कर्ष आहे, तुम्ही तो तपासायचा आहे. तपासण्याची सोपी रीत अशी की राण्यांच्या सगळ्या बंडांत तडजोडीची शक्यता सर्वांत कमी कधी होती ते वर्ष शोधा आणि त्या काळातल्या कागदांत साधू, अवसर, भविष्य यांचे उल्लेख वाढतात का ते पाहा. वाढत असतील तर दुसऱ्या निकषाला बळ मिळेल. रस्ते बंद असूनही उल्लेख वाढत नसतील तर कल्पनेच्या साठ्याकडे वळावं लागेल.

कागद वाचताना एक सावधगिरी. अशा चळवळींचे बहुतेक कागद त्यांना चिरडणाऱ्यांनी लिहिलेले असतात. केपचा गव्हर्नर जॉर्ज ग्रे म्हणत राहिला की ही कत्तल म्हणजे भुकेल्या लोकांना युद्धाला उभं करण्याचा नायकांचा कट होता. त्याने अनेक नायकांना तुरुंगातही टाकलं. उलट खोसांच्या तोंडी परंपरेत ग्रेनेच मुलीला फसवलं असं सांगतात. लढायचं असतं तर लोकांनी आधी स्वतःचं धान्य टाकलं नसतं, इतकं साधं कारण कटाच्या गोष्टीविरुद्ध पुरतं. पोर्तुगीज कागदांतही बंडखोराला कधी ‘दरोडेखोर’ तर कधी ‘धर्मवेडा’ म्हटलेलं सापडेल. त्या विशेषणावरून प्रकरणाचा वर्ग ठरवू नका, लोकांनी त्या दिवसांत प्रत्यक्ष काय केलं त्यावरून ठरवा: पेरलं का, विकलं का, जमले कुठे, कोणता दिवस ठरवला होता.

तक्ता करताना प्रत्येक प्रकरणाचा संकटाचा रकाना भविष्यवाणी वाचण्याआधी भरून टाका. उलट क्रमाने गेलात तर भविष्यवाणीत जे आहे तेच संकटात दिसू लागतं. तीन प्रकरणं एमएच्या प्रबंधिकेला पुष्कळ झाली: खोसा, मुंडा आणि सत्तरी.