गट नंबर चौदाचा अठ्ठ्याण्णव झाला, ती गोष्ट

प्रश्न: मराठी करारनाम्यात, अर्जात वगैरे आकडे मराठीत लिहावेत की इंग्रजीत? तारीख आणि ‘२रा, ५वी’ असली रूपं नेमकी कशी लिहायची?

मराठी दस्तात मराठी आकडे, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. इंग्रजीच हवे असतील तर सगळे इंग्रजी ठेवा, मला चालेल. सरमिसळ चालणार नाही.

मी काही वर्षं एका वकीलसाहेबांकडे दस्त टाइप करत होतो. त्यांच्या खरेदीखताच्या मसुद्यात तारीख, रक्कम, क्षेत्र सगळं इंग्रजी आकड्यांत असायचं आणि गट नंबरासाठी जागा मोकळी सोडलेली. एका पक्षकाराचा गट नंबर त्यांनी स्वतः पेनाने भरला: १४. एकची शेपटी लांब, चारचं वरचं तोंड जवळजवळ मिटलेलं. आजूबाजूला सगळे इंग्रजी आकडे असताना डोळा इंग्रजीच वाचतो. मी वाचलं 98 आणि तसंच टाइप केलं.

दस्त वाचून दाखवला, सह्या झाल्या, नोंदणी झाली. कुणाच्याही लक्षात आलं नाही, कारण त्या गावात अठ्ठ्याण्णव नंबरचा गटही होता. खरेदीदार फेरफार नोंदीसाठी तलाठ्याकडे गेला तेव्हा कळलं, की त्या गटाच्या सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नावच नाही. चतुःसीमा मात्र चौदा नंबरच्याच होत्या, म्हणून चूक आकड्यात आहे हे सिद्ध तरी करता आलं. मग चूक दुरुस्ती दस्त, आणि त्यासाठी दोन्ही पक्ष पुन्हा दुय्यम निबंधकांसमोर. विकणारा तोवर गाव सोडून गेला होता.

बोलणी मी खाल्ली. चूक माझ्या हातून झाली हे खरंच. पण “आकडा तो आकडा, वाचणाऱ्याला कळतो” हे साहेबांचं म्हणणं तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही आहे. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा. दोन्ही लिप्या एका पानावर आल्या की हा धोका आलाच. त्याच दस्तातली रक्कम बिनचूक राहिली, कारण तिच्यापुढे ‘अक्षरी रुपये’ लिहिलेलं होतं. गट नंबरापुढे ‘(चौदा)’ एवढं असतं तर मी अडखळलो असतो आणि विचारलं असतं. तेव्हापासून गट नंबर आणि क्षेत्रसुद्धा मी अक्षरी लिहितो.

संगणकावर तपासणं सोपं आहे. वर्डमध्ये शोधताना वाइल्डकार्ड चालू करा आणि हे टाका:

```
[0-9]
```

मराठी दस्तात राहून गेलेला प्रत्येक इंग्रजी आकडा सापडेल. शून्यासाठी तर हे कराच. ० आणि 0 डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘२०१९’ मधलं शून्य इंग्रजी असेल तर पुढे ते वर्ष शोधूनही मिळणार नाही.

तारखेला महिना अक्षरात लिहा: दि. ६ जुलै २०१९ रोजी. ०६/०७ असं लिहिलं की जून की जुलै हा वाद उरतो. तारखेच्या आकड्याला ‘वा’, ‘वी’ काही लावू नका. आपण ‘सहा तारखेला’ म्हणतो, ‘सहाव्या तारखेला’ नाही.

क्रमवाचक मी सलग मजकुरात सरळ अक्षरीच लिहितो: दुसऱ्या मजल्यावरील, पाचव्या हप्त्यापोटी. आकडा घालायचाच असेल तर प्रत्यय बोलण्यातलाच लावा. १ला, २रा, ३रा, ४था, आणि पाचपासून वा. लिंग आणि विभक्तीप्रमाणे तो बदलतो: ४थी अट, ४थ्या अटीनुसार, २ऱ्या हप्त्यात. इथे ‘ऱ्या’ हवा. ‘र्या’ टाइप केलंत तर रफार ‘या’च्या डोक्यावर जातो आणि शब्द वाचवत नाही. आकडा आणि प्रत्यय यांत जागा सोडू नका, नाहीतर ‘१०’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘वी’ पुढच्या ओळीत जाऊन पडते.

एक सांगायचं राहिलं. पॅन, आयएफएससी, वाहन क्रमांक, बँक खातं हे मूळ कागदावर जसं छापलंय तसंच उतरवा, त्याचं मराठीकरण करू नका. केंद्र सरकारच्या कामकाजासाठी संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंक, म्हणजे आपण म्हणतो ते इंग्रजी आकडेच, सांगितले आहेत, त्यामुळे तिकडच्या अर्जात ते येणारच. आणि मोकळ्या जागेत पेनाने भरायचं असेल, तर छापील मजकुरात जे अंक आहेत त्याच अंकांत भरा. आमच्या साहेबांनी एवढं केलं असतं तरी पुरलं असतं.