पासबुकात एक्स्चेंज कंपनीचं नाव, पैसे मात्र बहिणीचे

प्रश्न: माझी सख्खी बहीण शारजाला नर्स आहे. २०२२-२३ मध्ये फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी तिने तीनदा मिळून १७,६१,००० रुपये पाठवले. आता आयकराची १४२(१) ची नोटीस आलीय, पैसे देणारा कोण ते सिद्ध करा म्हणून. पासबुकात बहिणीचं नाव कुठेच नाही, एका एक्स्चेंज कंपनीचं आहे. आमची बँक म्हणते एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचं प्रमाणपत्र, आम्ही देऊ शकत नाही. त्यात या महिन्यात भाच्याच्या खात्यावरून आलेले दोन लाख बँकेने अडवून ठेवलेत. कुठून सुरुवात करू? (बोरिवली)

उत्तर:

मी बावीस वर्षं फोर्टमधल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात होतो. आता एका सीएंच्या ऑफिसात अशाच फायली लावून देतो. तुमच्यासारखी फाईल दर दोन-तीन महिन्यांनी टेबलावर येते.

सख्ख्या बहिणीने दिलेली भेट कलम ५६ प्रमाणे करमुक्त आहे, मग रक्कम कितीही असो. त्यामुळे अधिकाऱ्याला नातं पटलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं आणि ते जन्मदाखला जोडून मोकळे होतात. पण अधिकारी तीन गोष्टी विचारतोय: देणारी व्यक्ती खरी कोण, तिची एवढे पैसे देण्याची ऐपत होती का, आणि व्यवहार खरंच भेटीचा होता का. नातं हा पहिल्या प्रश्नाचा फक्त एक तुकडा आहे. उत्तर पटलं नाही तर रक्कम ‘अस्पष्टीकृत’ धरली जाते, आणि तुमच्या त्या वर्षाला ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून ७८ टक्के लागतात. १७,६१,००० वर ते १३,७३,५८० रुपये होतात. दंड आणि व्याज त्याच्या वर.

‘पैसे बँकेतून आलेत, रोखीने नाही’ एवढ्या एका मुद्द्यावर विसंबू नका. पी. मोहनकला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हेच तोडलं आहे. तिथेही पैसे परदेशातून आणि बँकेमार्फतच आले होते, पण देणाऱ्याची नावं वेगवेगळी निघाली आणि भेट टिकली नाही. ते देणारे नात्यातले नव्हते, तुमची बहीण सख्खी आहे, हा फरक मोठा आहे. तरी बँकेची नोंद पैशांचा रस्ता दाखवते, रस्त्याच्या त्या टोकाला कोण उभं होतं ते दाखवत नाही, हे लक्षात ठेवून फाईल लावा.

आता पासबुकात तिचं नाव का नाही ते बघू. आखाती देशांतल्या एक्स्चेंज कंपन्या भारतातल्या एखाद्या बँकेत रुपयांचं खाते ठेवतात. बहीण शारजाच्या काउंटरवर दिरहम भरते, कंपनी तिथेच दर लावून रुपये ठरवते आणि इथल्या त्या खात्यातून तुमच्या खात्यात साध्या एनईएफटीने पैसे सोडते. म्हणून तुमच्या बँकेच्या दृष्टीने ती देशातल्या देशातली एनईएफटी आहे. परकीय चलन त्यांच्या हातात आलंच नाही, तर ते एफआयआरसी कशाची देणार? तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे आहात एवढंच. अर्ज करायचा तो ज्या बँकेत एक्स्चेंज कंपनीचं खातं आहे तिथे. ती बँक ओळखायची सोपी खूण म्हणजे स्टेटमेंटमधला यूटीआर क्रमांक. त्याची पहिली चार अक्षरं पैसे पाठवणाऱ्या बँकेच्या कोडची असतात. तिन्ही यूटीआर, तारखा आणि रकमा लिहून त्या बँकेकडे परदेशातून आलेल्या पैशांचा दाखला, म्हणजे इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस मागा. त्यावर पाठवणाराचं नाव आणि कारण छापून येतं. इथल्या शाखेने टोलवलं तर बहिणीला शारजातून एक्स्चेंज कंपनीमार्फत मागणी करायला सांगा, कारण खातेदार ती कंपनी आहे. निदान आमच्या अनुभवात तो रस्ता लवकर फळतो.

दाखला येईपर्यंत थांबू नका. बहिणीकडच्या तीन काउंटर पावत्या मागवा. पावतीवर तिचं नाव, एमिरेट्स आयडीचा क्रमांक, दिरहम, दर आणि रुपये असतात. या पद्धतीत रुपये तिकडेच ठरत असल्यामुळे पावतीवरची रुपयांतली रक्कम आणि तुमच्या पासबुकातली रक्कम तंतोतंत एक असते. उदाहरणार्थ, ऑगस्टमधले ३०,००० दिरहम २१.६० च्या दराने गेले असतील तर दोन्हीकडे ६,४८,००० दिसायला हवेत. तसं दिसलं की अधिकाऱ्याला मधल्या कंपनीच्या नावाचा त्रास उरत नाही. पावत्या हरवल्या असतील तर कंपनीच्या अॅपमधून किंवा शाखेतून जुन्या व्यवहारांची प्रत बहुधा मिळते.

पुढचा अडथळा आपल्याकडचा खास आहे: लग्नात बदललेलं नाव. भांडुपच्या एका कुटुंबाची फाईल मी लावली होती. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर बहीण मंदाकिनी, माहेरच्या आडनावाची. पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि पावतीवर मानसी, सासरच्या आडनावाची. नुसता जन्मदाखला आणि पासपोर्टचं पहिलं पान जोडलं होतं, तर अधिकाऱ्याने लिहिलं की या दोन व्यक्ती एकच आहेत याला पुरावा नाही. कागदावरून पाहता त्याचं बरोबरच होतं. तिच्या पासपोर्टचं शेवटचं पान जोडल्यावर गाठ सुटली. त्या पानावर वडिलांचं, आईचं आणि नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. वडील-आई भावाच्या पासपोर्टवरच्याशी जुळले, नवरा विवाह नोंदणी दाखल्याशी जुळला, आणि विवाहाच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतंच. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल तर तीही लावा. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये लक्ष्मण एकीकडे ‘Laxman’ आणि दुसरीकडे ‘Lakshman’ असेल तर त्याचं एक वेगळं प्रतिज्ञापत्र करा, कारण अधिकारी अक्षरं जुळवून बघतो.

मग ऐपत. अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे तिचं तिकडचं रिटर्न नसणार. हे उत्तरात एका वाक्यात स्वतःहून सांगा, नाहीतर पुढची नोटीस तेच मागेल. त्याऐवजी हॉस्पिटलचा पगार दाखला आणि प्रत्येक वेळी पैसे पाठवण्याआधीच्या सहा महिन्यांचं तिच्या बँकेचं स्टेटमेंट द्या. त्यात पगार जमा होताना दिसला पाहिजे, आणि पावतीच्या तारखेला एक्स्चेंजकडे जाणारी रक्कम किंवा रोख काढलेली दिसली पाहिजे. त्या ओळी पिवळ्या करून द्या.

स्टेटमेंट पाठवण्याआधी स्वतः बारकाईने वाचा. भांडुपच्या त्या फाईलमध्ये पैसे पाठवायच्या दोनच दिवस आधी खात्यात १२,००० दिरहम रोख भरलेले होते. अधिकाऱ्याला तेच दिसलं, कारण दुसऱ्याचे पैसे बहिणीच्या नावाने फिरवायचे असतील तर नेमकं असंच दिसतं. खरं कारण भिशी होतं. बारा नर्सेस दरमहा हजार दिरहम काढत, त्या महिन्यात हिचा नंबर लागला होता. नुसतं ‘भिशीचे पैसे’ असं लिहून भागलं नसतं. आम्ही तिचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं, तर दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला एटीएममधून बरोबर हजार काढलेले होते. त्या ओळी, भिशीच्या वहीच्या पानाचा फोटो आणि दोघी मैत्रिणींची सहीची पत्रं त्यांच्या आयडीच्या प्रतींसह जोडली. ते मान्य झालं. पावत्या नसतात तिथे अशा सवयीच्या खुणा बोलतात.

भेटीचं पत्र तुम्ही अजून केलं नसेल तर आजच्या तारखेने करा. ‘मी अमुक तारखांना अमुक रकमा, अमुक क्रमांकाच्या पावत्यांनी, माझ्या पगाराच्या बचतीतून भावाला भेट दिल्या आहेत, परत घेणार नाही’ असं झालेल्या गोष्टीचं निवेदन बहिणीने लिहावं आणि दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घ्यावी. मागची तारीख टाकलेलं पत्र कोणी सुचवलं तरी करू नका. मी असं पत्र अंगलट आलेलं पाहिलंय: मागच्या वर्षीची तारीख, आणि खाली आयडी त्यानंतर निघालेला. पुढचे सगळे खरे कागदही मग संशयाने वाचले गेले.

पावतीवर कारण ‘कुटुंबाचा खर्च’ असं निघण्याची शक्यता आहे. काउंटरवरचा माणूस सवयीने तेच टाकतो. इथल्या बँकेच्या नोंदीत त्या कारणाचा कोड P1301 होतो, वैयक्तिक भेटीचा P1302. जुनी नोंद आता बदलत नाही, बदलायचा प्रयत्नही नको. काय झालं ते पत्रात लिहा, आणि पैसे महिन्याभरात बिल्डरच्या खात्यात गेल्याची नोंद दाखवा.

उत्तर पोर्टलवर ‘Pending Actions’ मधल्या ‘e-Proceedings’ मध्ये द्यायचं आहे. समोरासमोर समजावायला कोणी भेटत नाही, म्हणून वर एक पानाचं पत्र ठेवा आणि तिन्ही व्यवहार एकेक करून सांगा: तिच्या खात्यातून निघाले, काउंटरवर भरले, माझ्या खात्यात आले, बिल्डरकडे गेले. प्रत्येक पायरीपुढे जोडपत्राचा नंबर. मुदत पुरत नसेल तर ती संपायच्या आत तिथूनच वाढवून मागा.

आता अडलेले दोन लाख. हे पैसे एक्स्चेंजमधून न येता थेट बँकेतून आलेले दिसतात, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव संदेशातच आहे आणि बँक तुमच्याकडे कारण आणि नातं लेखी मागते आहे. इथे घाईने ‘बहिणीची भेट’ लिहून सही करू नका. कायद्यातलं नातं एका दिशेने चालतं: मामाने भाच्याला दिलं तर भाच्याला करमुक्त, पण भाच्याने मामाला दिलं तर मामाच्या ‘नातेवाईकां’च्या यादीत भाचा बसत नाही. वर्षभरात अशी रक्कम ५०,००० च्या वर गेली की पूर्ण दोन लाख तुमचं उत्पन्न. भाच्याचे स्वतःचे पैसे असतील तर तसंच लिहा आणि कर भरा. पैसे बहिणीचेच असतील आणि ड्युटीमुळे फक्त मुलाने पाठवले असतील, तर खात्यात जमा होण्याआधीच बँकेला ते परत पाठवायला लेखी सांगा. बँकेचं शुल्क आणि दरातला फरक मिळून थोडं नुकसान होईल. मग बहिणीने स्वतःच्या खात्यातून पाठवावेत. तिचं इथे एनआरई खातं असेल तर सगळ्यात सोपं: आधी तिच्या एनआरईत, तिथून तुमच्या खात्यात, म्हणजे पासबुकात थेट तिचंच नाव उमटेल.