क्लासची फी भरण्याआधी घड्याळ लाव

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. ऑगस्टपासून कॉलेजात कंपन्या यायला लागतील, आज जूनचा पहिला आठवडा आहे, आणि स्टँडजवळच्या स्पोकन इंग्लिश क्लासची आठ हजार फी भरायला बाबा तयार आहेत. भरू की घरीच करू, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर असं, की आज भरू नकोस. तीन आठवडे घरी कर, मग ठरवू. तुझ्या बाबांना हे पटायला वेळ लागेल, कारण फी भरली की काहीतरी सुरू झालं असं घरात सगळ्यांना वाटतं.

क्लासवाले एक डेमो लेक्चर फुकट देतात. त्याला जरूर जा, पण जाताना मोबाईलवर स्टॉपवॉच लाव आणि फक्त एवढंच मोज, की तासाभरात एका विद्यार्थ्याच्या तोंडून किती वेळ इंग्रजी बाहेर पडलं. बॅचमध्ये वीस जण आहेत आणि सर अर्धा तास बोलले असं धर. उरलेली तीस मिनिटं वीस जणांत वाटली, तर तुझ्या वाट्याला दीड मिनिट येतं. आठवड्याचे पाच दिवस, आठ आठवडे, म्हणजे चाळीस तास क्लास. त्यात तू बोलणार एक तास. घरी रोज वीस मिनिटं मोठ्याने बोललीस आणि रविवारी सुट्टी घेतलीस, तर तेवढ्याच आठवड्यांत सोळा तास होतात. बोलणं बोलूनच येतं. व्याकरणाचे नियम वहीत उतरवण्यात गेलेला वेळ यात धरायचा नाही, आणि यूट्यूबवर ‘फ्लुएंट कसं बोलावं’ हे बघण्यात गेलेला तर मुळीच नाही.

वीस मिनिटं बोलायचं तरी काय, हा खरा प्रश्न. घरी अभ्यास करणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात आणि पाठांतराकडे वळतात. मी टेक्निकल मुलाखती घेतो, त्यामुळे एक विषय नक्की सांगतो: तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट. ‘टेल मी अबाउट युवर प्रोजेक्ट’ हा प्रश्न फ्रेशरला हमखास येतो, आणि पुढचे पाच-सात प्रश्न त्यातूनच निघतात. तुमचा प्रोजेक्ट जमिनीतला ओलावा मोजून पंप चालू-बंद करण्याचा आहे ना? मग त्यावरच सुरुवात कर.

पहिल्या दिवशी काहीही न लिहिता दोन मिनिटं बोल आणि रेकॉर्ड कर. मग ते ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरव, अडखळणं आणि ‘आ... आ...’ धरून. कंटाळवाणं काम आहे, दोन मिनिटांच्या बोलण्याला अर्धा तास लागतो, पण ते टाळू नकोस. साधारण असं काही निघेल: ‘सर, अवर प्रोजेक्ट इज... आ... व्हेन द वॉटर इन द सॉइल इज बिकम लेस, दॅट टाइम द सेन्सर इज... आ... गिव्हिंग सिग्नल, अँड देन मोटर विल ऑटोमॅटिकली गेट स्टार्ट.’

आता तू कुठे थांबलीस ते बघ. बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी थांबलेली असशील. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण आधी सगळं सामान गोळा करतो आणि ‘पाठवतो’ की ‘देतो’ हे अखेरीस ठरवतो. इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग क्रियापद हजर लागतं, आणि ते ठरलेलंच नसतं. म्हणून ‘सेन्सर इज...’ म्हणून आपण लटकतो. ‘दॅट टाइम’ हेसुद्धा आपल्या ‘तेव्हा’चंच रूप. तुझं शब्दभांडार कमी आहे असं तू लिहिलंस, पण वरच्या वाक्यात एकाही शब्दासाठी डिक्शनरी लागली नाही. घोळ आहे तो लांबलचक मराठी वाक्य डोक्यात जुळवून ते तसंच उलटवण्याचा.

उपाय म्हणजे वाक्य फोडायचं. कोण, काय करतो, एवढंच एका वाक्यात. ‘द सेन्सर मेझर्स मॉइश्चर इन द सॉइल. इट सेंड्स द रीडिंग टू द कंट्रोलर. इफ द सॉइल इज ड्राय, द कंट्रोलर स्टार्ट्स द पंप. व्हेन द सॉइल इज वेट इनफ, इट स्टॉप्स द पंप.’ ही वाक्यं शाळकरी वाटतील. वाटू देत. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला यंत्रणा समजली की त्याचं काम झालं. यंत्रणा कशी चालते ते साध्या वर्तमानकाळात सांगायचं आणि तू स्वतः काय केलंस ते साध्या भूतकाळात: ‘आय टेस्टेड’, ‘आय चेंज्ड’, ‘वी बॉट’. प्रोजेक्टचं जवळजवळ सगळं बोलणं या दोन काळांत बसतं. ‘वी’ आणि ‘आय’ मात्र जपून वापर. सगळीकडे ‘वी’ म्हणालीस, तर ‘तुझा भाग कोणता’ हा प्रश्न मी लगेच विचारतो.

मग तोच विषय चार मिनिटांत सांगायचा, लगेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. मजकूर तोच, वेळ कमी. भाषाशिक्षणात ही पद्धत चार-तीन-दोन या नावाने ओळखली जाते आणि मुळात दर वेळी श्रोता नवा असतो. तुझ्याकडे आई, रूममेट आणि धाकटा भाऊ असे तिघं मिळाले तर उत्तम. त्यांना इंग्रजी फार कळायला हवं असंही नाही. तिसऱ्यांदा सांगताना वाक्यं आपोआप जुळलेली असतात, कारण ‘काय सांगायचं’ हा भार उतरलेला असतो.

पण इथेच थांबलीस तर ते पाठांतरच होईल. पाठ केलेलं उत्तर मला तिसऱ्या वाक्यात ओळखू येतं, आणि मी मुद्दाम मध्येच तोडतो. म्हणून भावाला चिठ्ठ्या करून दे आणि तू बोलत असताना मध्येच एक उचलून वाचायला सांग. हाच सेन्सर का घेतला? वायर तुटली तर पंपाचं काय होईल? खर्च किती आला? काय बिघडलं? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात चांगली येतात, कारण ती कुठल्या गाइडमध्ये नसतात. स्वस्तातले दोन दांड्यांचे सेन्सर ओल्या मातीत गंजतात आणि रीडिंग चुकायला लागतं, हे तुमच्याही बाबतीत झालंच असेल. मग सांग: ‘द प्रोब कॉरोडेड, अँड द रीडिंग्ज वेअर राँग. सो वी चेंज्ड टू अ कपॅसिटिव्ह सेन्सर.’ एवढं ऐकल्यावर कुणी तुझ्या ‘द’ आणि ‘अ’कडे बघत नाही. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?’ म्हणायचं. हे एक वाक्य मात्र खुशाल पाठ कर.

उच्चारांची काळजी थोडी बाजूला ठेव. मराठी वळण कानाला लागलं म्हणून आमच्याकडे कुणाला नाकारत नाहीत. अडचण होते ती शब्दच न कळल्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो, इंग्रजीत एकावर जोर असतो. ‘कंपोनंट’मध्ये तो ‘पो’वर, ‘पर्सेंटेज’मध्ये ‘सें’वर. आणि ‘डिटर्मिन’चं ‘डिटरमाइन’ करू नकोस. तुझ्या प्रोजेक्टमधले वीस-पंचवीस शब्द डिक्शनरीच्या ॲपवर ऐकून नीट करून घे, बाकीचे राहू देत. ऐकायला बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ चांगलं आहे, सोबत लिखित मजकूरही मिळतो. तांत्रिक गोष्ट समजावून सांगायची ढब एनपीटीईएलवरच्या प्राध्यापकांकडून उचल. एक मिनिटाचा तुकडा घ्यायचा आणि वाक्यागणिक थांबवून मोठ्याने म्हणायचा. काही कंपन्या मुलाखतीआधी व्हर्संटसारखी बोलण्याची चाचणी घेतात. तिथे संगणकच गुण देतो आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायला लावतात. त्यालाही हाच सराव उपयोगी पडतो.

आता घरच्या अभ्यासाची खरी मर्यादा. स्वतःची चूक स्वतःच्या कानाला चूक वाटत नाही. ‘आय डिडन्ट वेंट’ तू दोन महिने आत्मविश्वासाने म्हणत राहशील आणि ते पक्कं होईल. मैत्रिणीबरोबर सराव केलास तरी तिची चूक बहुधा तीच असते. म्हणून आठवड्यातून एकदा, तुझ्यापेक्षा बरं इंग्रजी असलेल्या एका माणसाने तुझं रेकॉर्डिंग ऐकायला हवं. ते मी करीन. एका वेळी दोनच चुका सांगणार, जास्त नाही. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे मॉक इंटरव्ह्यूही माग. तो फुकट असतो आणि मुलं लाजेपोटी मागत नाहीत.

तीन आठवड्यांनी पहिलं आणि ताजं रेकॉर्डिंग शेजारी ठेवायचं. प्रश्नानंतर पहिला शब्द यायला किती सेकंद लागतात आणि थांबणं वाक्याच्या मध्ये येतं की वाक्य संपल्यावर, हे दोनच बघायचं. वाक्य संपल्यावर थांबणं चांगलंच, माणूस विचार करतोय असं दिसतं. थांबणं मधून शेवटाकडे सरकलं असेल तर असंच चालू ठेव, आणि ते आठ हजार मुलाखतीच्या प्रवासाला आणि कपड्यांना ठेव.

क्लास लावायची वेळ दोन परिस्थितींत येते. एक, काल दिवसभर काय केलंस यावर दहा वाक्यं लिही आणि मला फोटो पाठव. निम्म्याहून जास्त क्रियापदं चुकली, तर पायाच कच्चा आहे आणि तो एकटीने आठ आठवड्यांत भरणं कठीण. दुसरं, घरात मोठ्याने बोलायला जागा नाही किंवा तीन आठवड्यांत अर्धे दिवस बुडाले. तसं झालं तर शरमू नकोस, ठरलेल्या वेळेसाठी पैसे मोजणं हेही रास्त कारण आहे. पण मग आठ-दहा जणांचीच बॅच शोध. डेमोमध्ये बघ, की विद्यार्थी चुकल्यावर सर त्याच्याकडूनच वाक्य पुन्हा म्हणवून घेतात, की स्वतः बरोबर म्हणून पुढे जातात. आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं छापील उत्तर हातात देणाऱ्या क्लासमधून तिथूनच परत फीर. एका दिवसात ओळीने तीन उमेदवारांनी मला ‘माय स्ट्रेंथ इज आय अ‍ॅम अ हार्ड वर्कर’ हे एकाच चालीत ऐकवलं आहे. तिघं एकाच क्लासचे होते, असं चौथ्याने सांगितलं.

पहिलं रेकॉर्डिंग उद्या रात्रीपर्यंत पाठव. कितीही वाईट झालं तरी पुसून नवीन करू नकोस, मला पहिलंच हवं आहे. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. बाबांना सांग, फीचं पंचवीस तारखेनंतर बघू.

तुझा,
काका