हातच्याची वजाबाकी आणि शेजारची मैत्रीण

तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ चं उत्तर एखादं मूल ३५ लिहितं, तेव्हा लगेच फळ्याकडे वळू नका. त्याने सातातून दोन वजा केलेत, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायची सवय लागली आहे. आधी एवढंच बघा की थोड्या मदतीने ते कुठवर पोहोचतं. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की ज्याला निकट विकासाचं क्षेत्र म्हणतो ते हेच: एकट्याने जमतं आणि मदतीने जमतं, यांमधलं अंतर.

मदतीला वर्गातली सर्वांत हुशार मुलगी देऊ नका. ती पटकन उत्तर सांगून मोकळी होते. जिला हे नुकतंच जमू लागलंय तिला बसवा. अडतं कुठे, ते तिला अजून आठवतं. दोघांना दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. तिला एकच सांगा, काड्यांना हात त्याने लावायचा, तू फक्त विचारायचं: "दोनातून सात कशा काढशील?" तो अडला तर, "गठ्ठा सोडून बघ ना." तरीही अडला, तरच एक गठ्ठा सोडून दाखवायचा.

जमलं की मदत लगेच कमी करा. पुढचं गणित, ६१ वजा ३४, काड्यांशिवाय आणि एकट्याने. २७ आलं तर छान. ३३ आलं तर काड्या परत द्या, पण आता ते प्रश्न त्याने स्वतःच स्वतःला विचारायचे.

गठ्ठा सोडूनही दहा सुट्या झाल्या हे उमगत नसेल, तर वजाबाकी थांबवून दशक-एककाकडे परत या.