हॉटस्पॉटचा वेग नक्की कुठे अडतो?

प्रश्न: फोनवर नेट झकास चालतं, पण त्याच फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला की साधं पानही उघडत नाही. प्लॅनमध्ये डेटा भरपूर शिल्लक दिसतोय. मग असं का होतं?

लॅपटॉपवर लागोपाठ तीन वेळा स्पीड टेस्ट लावा. आकडा किती येतो यापेक्षा तो कसा वागतो ते बघा. दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडत असेल, तर बहुतेक कंपनीने वेग बांधलेला असतो. वरखाली होत असेल, तर दोष बहुतेक फोन आणि लॅपटॉपमधल्या वाय-फायचा असतो.

तुम्हाला दिसणारा शिल्लक डेटा फोनचा असू शकतो. बऱ्याच प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचा कोटा वेगळा मोजतात. तो संपला की फोनवरचं नेट आधीसारखंच पळतं आणि वाटून दिलेल्या नेटचा वेग मात्र ६०० किंवा १२८ केबीपीएसवर येतो. 'अनलिमिटेड' हा शब्द अनेकदा फक्त फोनपुरताच असतो. अटींमध्ये हॉटस्पॉट किंवा टेदरिंग हे शब्द शोधून ती ओळ वाचा.

माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच झालं होतं. फोनवर ८० एमबीपीएस आणि लॅपटॉपवर ०.५८, ०.६०, ०.५९. तिने लॅपटॉपला दोष देऊन वाय-फायचा ड्रायव्हरही बदलून पाहिला होता. मी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, तरी आकडा ०.६च, म्हणजे ६०० केबीपीएस. केबलमध्ये वाय-फाय येतच नाही, म्हणजे अडथळा फोनच्या पलीकडे, कंपनीकडे होता. तिच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला पूर्ण वेगाने १० जीबी होते आणि ते चार दिवसांत संपले होते. ते खाल्ले लॅपटॉपनेच. हॉटस्पॉट हे त्याच्या लेखी साधं वाय-फाय, त्यामुळे विंडोजचे अपडेट आणि क्लाउडवर फोटो चढवणं मागे बिनबोभाट चालू होतं. ६०० केबीपीएसने १ जीबी उतरायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. त्यातही असं काही मागे चालू असेल, तर पान उघडायला वेग उरणार कुठून?

नेट लॅपटॉपला वाटलं जातंय हे कंपनीला कळतं कसं, असा प्रश्न तिलाही पडला होता. काही फोन वाटलेल्या डेटासाठी नेटवर्कशी वेगळी जोडणीच उघडतात. दुसरी खूण म्हणजे टीटीएल. डेटाच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, हा एक आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो. फोनचं स्वतःचं पॅकेट साधारणपणे ६४ घेऊन निघतं. विंडोजचं १२८ घेऊन निघतं, पण हॉटस्पॉटमध्ये फोन स्वतःच राउटर झालेला असतो, म्हणून ते नेटवर्कपर्यंत १२७ होऊन पोहोचतं. हा आकडा बदलायच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतील. मी ते सुचवणार नाही. तो कराराचा भंग ठरू शकतो आणि सिम बंद होण्याची जोखीम तुमच्यावर येते.

आता दुसरी शक्यता. केबलने वेग नीट येतो आणि वाय-फायवर पडतो, असं असेल तर प्लॅनला हात लावू नका. फोन २.४ गिगाहर्ट्झवर वाटप करत असेल. त्या पट्ट्यात शेजारपाजारचे राउटर आणि ब्लूटूथ यांची दाटी असते, आणि फोनला नेटवर्क ८० एमबीपीएस देत असलं तरी लॅपटॉपपर्यंत २०-३० पोहोचणंही नवलाचं नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करा. आयफोनवर Maximize Compatibility चालू असेल तर बंद करा, कारण ते चालू असताना हॉटस्पॉट २.४ वरच राहतो. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतं, म्हणून फोन लॅपटॉपच्या जवळच ठेवा. मात्र उशीखाली किंवा चार्जिंगला लावून उन्हात नको. फोन तापला की वेग स्वतःच कमी करतो. सुरुवातीला चांगला वेग येऊन अर्ध्या तासाने ढेपाळत असेल, तर आधी फोन हातात घेऊन बघा.

कारण कोणतंही निघो, विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नेटवर्कसाठी Metered connection आजच चालू करा. बहुतेक अपडेट मग थांबून राहतात. क्लाउडचं सिंक मात्र त्या त्या अ‍ॅपमध्ये जाऊन हातानेच थांबवावं लागू शकतं.

आणि स्पीड टेस्ट उगाच पुन्हा पुन्हा लावू नका. ८० एमबीपीएसने दहा सेकंद डाउनलोड म्हणजे १०० एमबी गेले, आणि लॅपटॉपवरची टेस्ट ते हॉटस्पॉटच्याच कोट्यातून घेते.