'लाल' बदलत नाही आणि 'सारखा' बदलतो, ते का?

प्रश्न: "विशेषण विकारी असतं म्हणतात, पण 'लाल' तर कधीच बदलत नाही. उलट 'सारखा' हे शब्दयोगी अव्यय, तरी त्याचं 'सारखी', 'सारखे' होतं. मग विकारी कोणतं नि अविकारी कोणतं, ओळखायचं कसं?"

विकारी हे नाव शब्दाच्या जातीला दिलेलं आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद या जातींतल्या शब्दांची रूपं बदलू शकतात, म्हणून त्या विकारी. त्यांतला प्रत्येक शब्द बदलून दाखवेलच, असं मात्र नाही.

'लाल'शेजारी 'निळा' ठेवून बघा. निळा डबा, निळी पेटी, निळं दप्तर. आणि पुढच्या नामाला प्रत्यय लागला की तिन्ही ठिकाणी 'निळ्या': निळ्या डब्यात, निळ्या पेटीत, निळ्या दप्तरात. तिथेच 'लाल' घाला, काहीच हलत नाही. मराठीत नामामागे उभं असताना बदलतात ती आकारान्त विशेषणं. लाल, सुंदर, हुशार, कडू, गुलाबी ही आकारान्त नाहीत, म्हणून जशीच्या तशी राहतात. या नियमालाही अपवाद आहेत: 'जादा' आकारान्त असूनही जादा काम, जादा गाडी, जादा पैसे.

पण न बदलणारं विशेषण कायमचं गोठलेलं असतं असं समजू नका. 'गरीब मुलाला' म्हणताना 'गरीब' तसाच राहतो. पुढचं 'मुलगा' काढून टाका, की 'गरिबाला' होतं. सामान्यरूपाचा 'आ' आला, शिवाय 'री' ऱ्हस्व झाली. नामाचं काम अंगावर घेताच शब्द नामासारखा बदलला. म्हणून शब्द एकटा समोर ठेवून तो विकारी आहे का, हे ठरत नाही. तो वाक्यात काय काम करतो ते आधी बघावं लागतं.

याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला म्हणजे 'वर'. 'वरचा मजला' आणि 'वराचा पोशाख'. पहिल्यातला 'वर' जागा दाखवतो. त्याला 'चा' लागला, 'ऊन' लागून 'वरून'ही होतं, पण मूळ शब्द हलत नाही. दुसरा 'वर' म्हणजे नवरदेव, नाम. प्रत्यय लागण्याआधीच त्याचं 'वरा' झालं. 'पाठचा भाऊ' आणि 'पाठीचा कणा' यांतही हाच फरक आहे. म्हणजे नुसता प्रत्यय दिसला म्हणून शब्दाला विकारी म्हणू नये, प्रत्ययाआधीचं अंग बदललं का ते पाहावं. एवढ्यावरही निकाल देता येत नाही, कारण 'घराचा दरवाजा' म्हणतो तसा 'घरचा अभ्यास'ही म्हणतो, आणि 'घर' तर सरळ नाम आहे. अशा वेळी 'ने' लावून बघा. 'घराने' होतं. 'वराने' म्हटलं तर फक्त नवरदेवच डोळ्यांसमोर येतो, वरची जागा येत नाही. नामांतही एक फसवी जागा आहे: 'पेटी'चं 'पेटीला' होताना अंग बदललेलं दिसत नाही, पण 'पेट्या', 'पेट्यांना' म्हटलं की विकार उघड होतो. तेव्हा एकवचनावर थांबू नका.

आता 'सारखा'. तुमची शंका अगदी रास्त आहे. 'तुझ्यासारखा मुलगा, तुझ्यासारखी मुलगी, तुझ्यासारख्या माणसाला' हा सगळा 'निळा, निळी, निळ्या'चाच साचा. उलट 'तुझ्याप्रमाणे' मुलगा वागो वा मुलगी, 'प्रमाणे' तसंच राहतं. खरं अव्यय असं वागतं. 'सारखा' मात्र तिथेच थांबत नाही. 'तो सारखा रडतो, ती सारखी रडते, मूल सारखं रडतं' यात तो रडण्याबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं, तरी रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. 'तिने सारखी बडबड केली' म्हटलं तर 'बडबड'प्रमाणे. 'सतत' घालून बघा, चारही वाक्यांत एकच रूप राहील.

व्याकरणाच्या पुस्तकांत सारखा, जोगा, एवढा हे शब्द शब्दयोगी अव्ययांच्या यादीत असतात, कारण ते आधीच्या शब्दाला जोडून येतात आणि त्याचं सामान्यरूप करायला लावतात: डोंगरा-एवढा, देण्या-जोगा. माझ्या मते हे शब्द रूपाने विशेषणंच आहेत, फक्त जोडून लिहिली जातात. परीक्षेत जात विचारली तर 'शब्दयोगी अव्यय' असंच लिहा. लिहिताना मात्र त्यांना पुढच्या नामाप्रमाणे बदलायला विसरू नका: 'डोंगराएवढी लाट', आणि तिच्यावरून होडी गेली तर 'डोंगराएवढ्या लाटेवरून'.