खातेचौकशीकडे पाठ फिरवून नोकरी वाचत नाही

प्रश्न : कंपनीने माझ्यावर चोरीचा आळ घेऊन निलंबित केले आहे. पोलिसांत गुन्हा दाखल आहे आणि खातेचौकशीही लावली आहे. वकील म्हणतात, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चौकशीत जाऊ नका. कोर्टात सुटलो तर नोकरी परत मिळेल ना?

आपोआप मिळणार नाही. तुमच्या वकिलांचा सल्लाही मला मान्य नाही, कारण याच सल्ल्यापायी आमच्या कारखान्यातला एक चांगला वाइंडर घरी बसलेला मी पाहिला आहे.

सुटीच्या वेळी गेटवर त्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचे तुकडे सापडल्याचा आरोप होता. युनियनतर्फे मी त्याचा बचाव प्रतिनिधी होतो. सुरक्षारक्षकाची उलटतपासणी नीट झाली तर प्रकरण डळमळेल, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. कारण पिशवी पकडल्यापासून पंचनामा होईपर्यंत ती रक्षकांच्या खोलीत सील न करता पडून होती आणि त्या खोलीत सगळ्यांचीच ये-जा असे. परंतु फौजदारी वकिलांनी त्याला बजावले की चौकशीत तोंड उघडलेस तर आपला बचाव उघडा पडेल. तो तारखांना गेला नाही. प्रत्येक तारखेची नोटीस त्याच्या सहीनिशी मिळाल्याची नोंद होत राहिली, चौकशी एकतर्फी झाली, रक्षकाचा जबाब कोणीही न खोडता तसाच राहिला आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. पुढे काही वर्षांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पंच फितूर झाले, सील नसल्याची बाबही निघाली आणि संशयाचा फायदा मिळून तो सुटला. निकालाची प्रत घेऊन तो कामगार न्यायालयात गेला, तेव्हा त्याला एवढेच विचारण्यात आले की संधी दिलेली असताना चौकशीत का आला नाहीस. अखेर ठोक रक्कम घेऊन त्याने तडजोड केली. वकीलसाहेब मात्र आजही ‘आपण केस जिंकली’ असेच सांगतात.

फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर चौकशीत ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे पुराव्यावरून दिसले तरी पुरते. म्हणून तोच माणूस एकीकडे सुटतो आणि दुसरीकडे दोषी ठरतो, आणि कायद्याला त्यात विसंगती वाटत नाही. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात हेच घडले. हेडक्लार्कची सायकल चोरल्याचा आरोप असलेल्या कुशल भान नावाच्या शिपायाने फौजदारी निकालापर्यंत चौकशीत काही सांगण्यास नकार दिला, त्याला बडतर्फ केले गेले, नंतर तो संशयाचा फायदा मिळून सुटला. तरीही 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी उचलून धरली.

याच्या उलट कोलारच्या भारत गोल्ड माइन्समधील सुरक्षा अधिकारी पॉल अँथनी यांचे प्रकरण सर्रास सांगितले जाते. घरावरच्या छाप्यात सोने व सोन्याची वाळू सापडल्याचा आरोप, 1986 मध्ये बडतर्फी, 1987 मध्ये निर्दोष सुटका आणि 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून नोकरी परत. पण तेथे दोन्हीकडे तेच छापा घालणारे पोलीस आणि तेच पंच होते, छापा व जप्तीच सिद्ध झाली नव्हती. शिवाय निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता न दिल्यामुळे त्यांना चौकशीला जाणे शक्य झाले नव्हते. स्वतःहून घरी बसलेल्याला हा निकाल तारत नाही.

बचाव उघडा पडण्याची भीती खोटी नाही. त्याच 1999 च्या निकालात म्हटले आहे की आरोप गंभीर असेल, तथ्ये दोन्हीकडे एकच असतील आणि कायद्याचे व तथ्यांचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर चौकशी थांबवणे इष्ट; मात्र खटला रेंगाळला तर ती पुन्हा सुरू करता येते. म्हणून चौकशी स्थगित करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाकारला तर न्यायालयात स्थगिती मागा. तीही मिळाली नाही तर निषेध नोंदवून प्रत्येक तारखेला हजर राहा, व्यवस्थापनाच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्या आणि स्वतःचा जबाब द्यायचा की नाही एवढेच वकिलांना ठरवू द्या. साक्षीदाराला प्रश्न विचारणे म्हणजे स्वतःची कहाणी सांगणे नव्हे. आमच्या वकीलसाहेबांना हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. ‘माफीनामा द्या, प्रकरण मिटवू’ असे कोणी म्हणाले तर सही करू नका, कारण तोच कागद चौकशीत पहिला पुरावा होतो.

निर्वाह भत्ता कामगाराला पहिले 90 दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढे, विलंब त्याच्यामुळे नसेल तर, पाऊणपट मिळतो. तो थकला तर लगेच लेखी मागा.

हे सारे मी कारखान्यातील कामगारांबद्दल सांगितले. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर शिस्त व अपील नियम लागू होतील, आणि फौजदारी शिक्षा झाली तर नियमित चौकशी न करताही बडतर्फी होऊ शकते. चौकशीत निर्दोष ठरलात म्हणून खटलाही आपोआप मिटत नाही, तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मान्य होईलच असे नाही.